सोडियमचे दान, थॅलियमची जाळी

सोडियम आणि थॅलियम हे दोन्ही धातूच. ते एकास एक प्रमाणात वितळवले, की त्यांचे संयुग बनते. १९३२ मध्ये एडुआर्ड झिंटल आणि डुलेनकोफ यांनी क्ष-किरणांनी त्याची रचना तपासली, तेव्हा थॅलियमचे अणू हिऱ्यातल्या कार्बनसारखे मांडलेले दिसले. प्रत्येक अणू चार थॅलियम शेजाऱ्यांशी जोडलेला होता.

झिंटल यांचा खुलासा साध्या बेरजेचा आहे. थॅलियमजवळ बंधासाठी तीन इलेक्ट्रॉन असतात, सोडियम आपला एक देऊन टाकतो. चार झाले, की थॅलियम कार्बनसारखा वागतो; आठ पूर्ण करायला त्याला चार बंध लागतात. सोडियम जाळीच्या पोकळ्यांत बसतो.

मला या बेरजेपेक्षा ती कुठे अडते, ते अधिक बोलके वाटते. सोडियमऐवजी पोटॅशियम घेतले, तर मिळणारे इलेक्ट्रॉन तितकेच. पण पोटॅशियम आकाराने मोठा. तिथे हिऱ्याची जाळी न बनता थॅलियमचे सहा-सहा अणूंचे पुंजके बनतात. म्हणजे इलेक्ट्रॉन मोजून बंधांचा अंदाज येतो, पण अणूंच्या आकाराकडे पाहावेच लागते.

झिंटल १९४१ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी गेले. त्याच वर्षी फ्रिट्झ लाव्हेस यांनी अशा संयुगांना त्यांचे नाव दिले.