मत्ताविभागणी, अनियमित उत्पन्नाची

बचत शेअर, स्थिर उत्पन्नाची साधने (मुदत ठेव, भविष्य निर्वाह निधी, रोखे) आणि सोने यांत ठरावीक प्रमाणात वाटण्याची पद्धत. येथे तिशीतील, दरमहा पगार नसलेल्या व्यक्तीचा विचार केला आहे.

‘शंभरातून वय वजा करावे, उरेल तितके टक्के शेअरमध्ये ठेवावेत’ हा प्रचलित ठोकताळा नियमित पगार गृहीत धरतो. बाजार पडला तरी पगारदाराचा घरखर्च सहसा पगारातून भागतो, म्हणून तो थांबू शकतो. ज्याचे काम मंदीतच आटते, त्याला मात्र पडलेल्या भावात शेअर विकावे लागतात. मार्च २०२० मध्ये मुंबईतील चित्रीकरणे बंद पडली आणि त्याच महिन्यात निफ्टी जानेवारीतील उच्चांकापासून सुमारे ३८ टक्के खाली आला.

म्हणून विभागणीपूर्वी राखीव निधी बाजूला काढतात. समजा, ३४ वर्षांच्या छायालेखकाकडे १० लाख रुपये आहेत आणि त्याचा घरखर्च महिना ४० हजार आहे. नऊ महिन्यांचे ३.६ लाख त्याने बचत खाते, लिक्विड फंड आणि केव्हाही मोडता येणाऱ्या मुदत ठेवीत ठेवले. उरलेल्या ६.४ लाखांपैकी ५० टक्के, म्हणजे ३.२ लाख, निर्देशांक फंडामार्फत शेअरमध्ये, ३५ टक्के स्थिर उत्पन्नात आणि १५ टक्के सोन्यात गुंतवले. २०२० सारखी पडझड झाली तर त्याला सुमारे १.२ लाखांचा फटका बसेल. ठोकताळ्याप्रमाणे ६.६ लाख शेअरमध्ये असते, तर तो २.५ लाखांचा झाला असता. शिवाय राखीव निधीमुळे नऊ महिने त्याला काहीही विकावे लागत नाही.

स्थिर उत्पन्नाचा सगळा भाग सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत घालणे अडचणीचे ठरते. त्याची मुदत १५ वर्षांची असून सुरुवातीच्या वर्षांत पैसे काढता येत नाहीत. सोने अनेकदा शेअरच्या उलट चालते, २०२० मध्ये ते वधारले. पण २०१३ मध्ये त्याचा भाव घसरला होता, त्यामुळे ते राखीव निधीची जागा घेत नाही. दागिन्यांची घडणावळ विकताना परत मिळत नाही, म्हणून या हिश्शासाठी गोल्ड ईटीएफ सोयीचा असतो.

मानधन एकदम हाती येते तेव्हा त्यातून आधी राखीव निधीची तूट भरतात, मग ठरल्या प्रमाणापेक्षा कमी झालेल्या हिश्शात भर घालतात. वरील पडझडीनंतर शेअरचा हिस्सा ५० वरून ३८ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणून नवे पैसे तिकडे जातात. काही न विकताच प्रमाण पूर्ववत होऊ लागते.

घरभाडे किंवा शाळेची फी भरण्यासाठी पडत्या बाजारात शेअर विकावे लागले, तर राखीव निधी अपुरा होता असे समजावे. अशा वेळी पुढील मानधनातून नवाऐवजी बारा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवणे इष्ट.