बाळ तोंड का फिरवतं? एका नजरेचा इतिहास

(उरण येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की हे डॉक्टरांचं काम, इतिहासवाल्याचं इथे काय? पण बाळाच्या नजरेचाही एक इतिहास आहे, आणि तो फार जुना नाही. ज्या गोष्टी आज आपण गृहीत धरतो, त्या शास्त्राला १९६० ते १९८० या वीसेक वर्षांत कळल्या. त्या कशा कळल्या, ते आज सांगतो.

सुरुवात इथूनच करू. मागच्या वर्षी करंजाला एका बारशाला गेलो होतो. तीन महिन्यांचं बाळ. आई माहेरी होती म्हणून बारसं लांबलं होतं. पाळण्याभोवती पंधरा-वीस माणसं, त्यातली चार-पाच अगदी वाकून, टाळ्या वाजवत, "बघ बघ, इकडे बघ". बाळ आधी टक लावून बघत होतं, हसलंही. मग त्याने मान डावीकडे वळवली. लगेच डावीकडून एक मावशी पुढे आली. मग उजवीकडे. तिथे मामा. मग उचकी, मग मुठी, मग भोकाड. घरातली एक म्हातारी आजी उठली, "जरा सोरा त्याला" म्हणाली आणि बाळाला घेऊन आतल्या अंधाऱ्या खोलीत गेली. मीठ-मोहरी ओवाळली, दृष्ट काढली. पाच मिनिटांत बाळ शांत. बाहेर सगळे म्हणाले, "बघा, लागली होती."

दृष्टीबद्दल माझं मत मी नंतर सांगतो. आधी एवढं लक्षात ठेवा, की त्या बाळाने दोन गोष्टी केल्या. आधी एकटक बघितलं, मग तोंड फिरवलं. शास्त्राने या दोन गोष्टींचा शोध वेगवेगळा लावला आणि त्यांचा मेळ नंतर बसला.

पहिली गोष्ट, बघणं. विलियम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये असं चित्र रंगवलं होतं, की तान्ह्या बाळाला जग म्हणजे नुसता गलबला वाटत असणार. हे विधान पुढे कितीतरी वर्षं टिकलं, कारण ते तपासायचं कसं हेच कुणाला सुचत नव्हतं. बाळाला विचारता येत नाही. ते बोट दाखवत नाही.

रॉबर्ट फँट्झने तो रस्ता काढला. हे क्लीव्हलंड शहरातलं काम. त्याने आधी कोंबडीच्या पिल्लांवर आणि चिंपांझींवर प्रयोग केले होते. बाळांसाठी त्याने एक साधी पेटीसारखी जागा केली. बाळ उताणं झोपवायचं, वर दोन चित्रं टांगायची आणि दोन्हींच्या मधल्या भोकातून वरून डोळा लावून बसायचं. बाळ ज्या चित्राकडे बघतं त्याचं प्रतिबिंब त्याच्या बाहुलीवर दिसतं. मग फक्त वेळ मोजायचा. कुठल्या चित्राकडे जास्त वेळ? एवढंच. जास्त वेळ बघितलं, म्हणजे बाळाला फरक कळतो. १९६१ आणि १९६३ मध्ये त्याने निष्कर्ष छापले. पाच दिवसांच्या आतली बाळंसुद्धा कोऱ्या रंगीत चकतीपेक्षा चेहऱ्याच्या चित्राकडे जास्त वेळ बघत होती.

अर्थात लोकांनी लगेच हरकत घेतली, आणि ती रास्त होती. चेहऱ्याच्या चित्रात रेषा जास्त असतात, म्हणून बाळ बघत असेल. नाक-डोळे उलटसुलट करून चिकटवले तरी बघेल. फँट्झच्या स्वतःच्या आकड्यांतही खरा चेहरा आणि विस्कटलेला चेहरा यांतला फरक थोडाच होता. १९७५ मध्ये कॅरोलिन गोरेन आणि सहकाऱ्यांनी जन्मून सरासरी नऊ मिनिटं झालेल्या बाळांसमोरून अशी चित्रं हळूहळू फिरवली. नीट मांडलेल्या चेहऱ्यामागे बाळांनी डोळे आणि मान जास्त वळवली. नऊ मिनिटं! तोपर्यंत त्यांनी चेहरे पाहिलेलेच नव्हते म्हणा ना. १९९१ मध्ये मार्क जॉन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही साधारण तसंच आढळलं.

म्हणजे चेहऱ्याची ओढ बाळ घेऊनच येतं. पण त्याला नेमकं दिसतं काय? नवजात बाळाची नजर धूसर असते. वीस-तीस सेंटीमीटरवरचं, म्हणजे अंगावर पिताना आईचं तोंड जिथे असतं तिथलं, त्यातल्या त्यात बरं दिसतं, आणि गडद-फिकं जिथे भिडतं ती कड आधी दिसते. म्हणून महिन्याचं बाळ डोळ्यांपेक्षा केसांच्या कडेकडे, हनुवटीकडे जास्त बघतं. दुसऱ्या महिन्यात ते डोळ्यांवर येतं. आपल्याकडे आज्या म्हणतात ना, "हे माझ्या कपाळाकडेच बघतंय". कपाळावर ठसठशीत कुंकू असेल तर बघणारच, असा माझा आपला अंदाज.

आता एक गंमत, आणि ती इथे महत्त्वाची आहे. पहिल्या एक-दोन महिन्यांत बाळ इतकं एकटक बघतं, कारण बऱ्याचदा त्याला नजर सोडवून घेता येत नाही. चिकटते ती. एका गोष्टीवरून डोळे काढून दुसरीकडे न्यायचं कसब मेंदूत साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्याकडे पक्कं होतं. तोवर काही बाळं समोरच्या गोष्टीकडे बघता बघता रडायला लागतात. बघायचं नाही, पण सुटता येत नाही. किंवा सरळ झोपून जातात. बाराव्या दिवशीच्या बारशात गर्दीमध्ये ढाराढूर झोपलेलं बाळ आपण "किती गुणी" म्हणतो. त्याच्याकडे दार बंद करायला तेवढीच एक कडी असते.

दुसरी गोष्ट, तोंड फिरवणं. ती कळायला आणखी दहा वर्षं गेली. का? कारण ती साध्या डोळ्याला दिसत नाही. आई आणि बाळ यांच्यात जे चालतं ते सेकंदाच्या तुकड्यांत चालतं. त्यासाठी चित्रफीत लागली.

न्यूयॉर्कच्या डॅनियल स्टर्नने १९७१ मध्ये एक अभ्यास छापला. एक आई आणि तिची साडेतीन महिन्यांची जुळी. त्याने चित्रीकरण केलं आणि एकेक फ्रेम थांबवून पाहिलं, कोण आधी वळलं, कोण नंतर. एकाच आईच्या दोन मुलांशी दोन तऱ्हा निघाल्या. एका मुलाने तोंड फिरवलं की आईही वळायची, खेळ तिथे थांबायचा, थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायचा. दुसऱ्याने तोंड फिरवलं की ती त्याच्या मागे जायची, चेहरा आणखी जवळ न्यायची. तो आणखी वळायचा. ती आणखी जवळ. अर्धवट वळलेल्या मानेने दोघांची ओढाताण चालायची, आणि ना धड खेळ व्हायचा ना धड सुटका. आई वाईट नव्हती हो. तिला वाटायचं याला मी नकोशी झाले, म्हणून ती जास्त प्रयत्न करायची. एकाच जोडीवरून नियम काढता येत नाही, पण काय बघायचं ते या फितीने दाखवून दिलं. करंजाच्या त्या मावशी आणि मामा आठवा.

१९७४ मध्ये बोस्टनचे बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन आणि सहकाऱ्यांनी पाच आई-बाळांच्या जोड्यांचं असंच चित्रीकरण केलं. त्यांना लाट दिसली. बाळ गुंततं, उत्सुकता चढते, शिगेला पोचते, मग ते नजर काढतं, उतरतं, आणि पुन्हा येतं. मिनिटाभरातही हे काही वेळा होतं. दोरीला टांगलेल्या खेळण्याकडे बघताना हा चढउतार वेगळा, खडबडीत होता. माणसाशी तो गोल होता, लयीत होता, पण आई त्या लयीला जागा देत असेल तरच.

तरीही प्रश्न उरतो, बाळ वळतं ते कंटाळून की भरून येऊन? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. टिफनी फील्डने १९८१ मध्ये बाळांच्या हृदयाचे ठोके मोजत त्यांना आईशी समोरासमोर खेळू दिलं. नजर काढायच्या आधीच्या सुमारे पाच सेकंदांत ठोके वाढत होते, आणि नजर काढल्यावर पुढच्या पाच सेकंदांत पूर्ववत होत होते. कंटाळा आला असता तर ठोके आधी चढले नसते. नजर फिरवणं म्हणजे चढलेलं अंग खाली आणणं. बाळाला उठून जाता येत नाही, दार लावता येत नाही, "पुरे" म्हणता येत नाही. मान मात्र वळवता येते. फील्डलाच आधी हेही दिसलं होतं की आई बाळाचं लक्ष वेधायला जास्त धडपडली तर बाळ कमी बघतं, आणि बाळ करतं तेच तिने करून दाखवलं, म्हणजे आपोआप वेग कमी झाला, तर बाळ जास्त बघतं.

पण सावध. प्रत्येक फिरवलेलं तोंड म्हणजे "अती झालं" असं नाही. १९७८ मध्ये एडवर्ड ट्रॉनिक आणि सहकाऱ्यांनी आईला हसत-खेळत असताना अचानक चेहरा निर्विकार ठेवायला सांगितला. बाळाने आधी हसून, हातवारे करून तिला परत आणायचा प्रयत्न केला, आणि जमेना तेव्हा तोंड फिरवलं. म्हणजे अति मिळालं तरी बाळ वळतं आणि काहीच मिळालं नाही तरी वळतं. कुठलं ते आधीच्या अर्ध्या मिनिटावरून कळतं. समोर गोंगाट होता की शांतता? सोबत उचकी, जांभई, पंजे फाकवणं, पाठ ताणणं आहे का? असेल तर बहुधा अती झालंय.

आता दृष्टीचं. आजीने मीठ-मोहरी ओवाळली त्याने काय झालं, याबद्दल मी म्हणेन, मीठ-मोहरीने नाही. पण त्या रीतीत बाळ आतल्या खोलीत जातं, उजेड कमी होतो, चेहरा एकच उरतो आणि तोही बाळाकडे न बघता स्वतःशी पुटपुटत असतो. "खूप लोकांनी बघितलं म्हणून झालं" हे निदान तर शब्दशः बरोबरच आहे. स्टर्नला ते फ्रेम मोजून सापडलं.

(श्रोत्यांतून एका आजींनी विचारलं, की नातू चार महिन्यांचा आहे, सारखं तोंड फिरवतो, काळजी करायची का?)

आजी, फिरवून परत येतो का? येतो म्हणताय, हसतो म्हणताय, मग नाही. तो वळला की तुम्ही जागच्या हलू नका, बोलू नका, टाळी नको, मनात दहापर्यंत मोजा. बहुतेकदा त्याआधीच तो तुम्हाला शोधेल. दोन-तीन महिन्यांचं बाळ चेहऱ्यावर नजर लावतच नसेल, हलत्या चेहऱ्यामागे डोळे फिरवत नसेल, किंवा बाहुली पांढुरकी दिसत असेल, तर मात्र वाट न बघता डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. तो प्रश्न वेगळा आहे, आणि तिथे उशीर महागात पडतो. बरं, मोऱ्याहून शेवटची लाँच पकडायची आहे मला, तेव्हा आणखी एकच प्रश्न घेतो. कुणाचा आहे?