निवडुंग आणि कॅक्टस

मराठीतला ‘निवडुंग’ मोठा उदार शब्द आहे. त्रिधारी निवडुंगही त्यात येतो आणि फड्याही. पैकी त्रिधारी हा युफोर्बिया, शेराचा भाऊबंद, आपल्याकडचाच. फड्या मात्र अमेरिकेतून आलेला खरा कॅक्टस. दोन्ही नावं आकारावरून पडली: एकाच्या खोडाला तीन धारा, दुसऱ्याचं खोड बहुधा नागाच्या फड्यासारखं दिसलं म्हणून. नर्सरीच्या फोटोंवरून झाड ओळखतानाचा गोंधळ इथेच सुरू होतो, कारण आकार फसवतो.

‘कॅक्टस’चंही कुळ असंच गमतीचं. ग्रीक ‘काक्टोस’ हे थिओफ्रास्टसने सिसिलीतल्या एका काटेरी, खाण्याजोग्या झाडाचं नाव म्हणून नोंदवलं होतं. लिनेयसने १७५३ मध्ये ते अमेरिकी झाडांना चिकटवलं. म्हणजे या शब्दात आधी काटाच पाहिला गेला.

पण कॅक्टस ओळखायला काटा पुरत नाही; त्यासाठी नेमका शब्द आहे ‘एरिओल’. लॅटिन ‘एरिया’ म्हणजे मोकळी जागा, ‘एरिओला’ म्हणजे तशीच चिमुकली जागा. नाव काट्याचं नाही, काटा जिथून निघतो त्या ठिकाणाचं आहे, आणि फोटोत तेच शोधायचं. कॅक्टसच्या खोडावर हे ठिकाण म्हणजे लोकरीसारखी गादी असते. तिच्यातून काट्यांचा झुबका निघतो.

समजा, फोटोत दोन तिधारी खोडं आहेत आणि दोन्हींवर ‘कॅक्टस’ची पाटी. एकाच्या माथ्यावर लाल गोळा कलम केलेला आहे. त्याचा हिरवा खुंट बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या जातीचा असतो. फोटो मोठा करून धारेवर पाहा: थोड्या थोड्या अंतरावर पांढुरके ठिपके आणि त्यांत आखूड काटे. हा कॅक्टस. दुसऱ्याच्या धारेवर काटे जोडीजोडीने, दोन शिंगांसारखे फाकलेले, बुडाशी गादी नाही; शेजारी चमच्याएवढी हिरवी पानं. हा युफोर्बिया ट्रायगोना, आफ्रिकेकडचा. याचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, म्हणून छाटताना ही ओळख कामाची.

पान दिसलं की कॅक्टस नाही, असं मात्र म्हणू नये. फड्याच्या कोवळ्या फांदीवर बारीक सुळकेदार पानं येतात आणि लवकर गळतात. पेरेस्कियाला तर चांगली रुंद पानं असतात, तरी तो कॅक्टसच. कोरफड, हॉवर्थिया यांचं उलट आहे. तिथे मांसल भाग हे पानच, खोड जवळजवळ लपलेलं, आणि कडेचे दात पानाचाच भाग.

काटा नसणंही पुरावा नाही. ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास बिनकाट्याचा गोळा असतो, पण त्याच्या फुगीर भागांवर लोकरीच्या टिकल्यांची रांग असते. युफोर्बिया ओबेसा तसाच गोल, तसेच भाग पडलेला, पण त्याच्या धारेवर लोकर शोधून सापडत नाही. दुरून काढलेल्या धूसर फोटोत या दोघांना वेगळं करायचा प्रयत्नच करू नये. विकणाऱ्याकडून धारेचा जवळून काढलेला फोटो मागवावा.