मांस गुलाबी, म्हणून कच्चे? हाल्डेन यांचा 1901चा शोध आणि दिंडोशीचा तंदूर

दिंडोशीत संध्याकाळी तंदूर पेटला की एक वाद हमखास रंगतो. तंगडी फोडली, कातडीखाली गुलाबी पट्टा दिसला आणि गिऱ्हाईक म्हणाले, "कच्ची आहे, परत भाजा." या वादाचे शास्त्रीय उत्तर सव्वाशे वर्षे जुने आहे.

त्या काळी जहाजांवर नेण्यासाठी मांस मिठात आणि सोऱ्यात मुरवीत. (बिहारचा सोरा युरोपात तोफांच्या दारूसाठी जाई, आणि तोच मांसालाही लागे.) असे मांस कितीही उकळले तरी लालसर राही. का, हे ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी 1901 साली उलगडले. सोऱ्यातील नायट्रेटपासून नायट्राइट आणि त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. तो मांसातील रंगद्रव्याला चिकटतो आणि उष्णतेने त्याचे टिकाऊ गुलाबी संयुग बनते. म्हणजे हा गुलाबी रंग शिजल्यानंतरचा आहे.

तंदुरात सोरा नसतो, परंतु जळणाच्या वायूंत नायट्रोजनची ऑक्साइडे आणि कार्बन मोनॉक्साइड असतात. ओलसर पृष्ठभागातून ती काही मिलिमीटर आत शिरतात. म्हणून हा पट्टा बाहेरच्या कडेला असतो, तर कच्चेपणाचा गुलाबी रंग सर्वांत जाड भागाच्या गाभ्यात राहतो. हाडालगतची लाली मात्र वेगळी. ब्रॉयलर कोंबडी जेमतेम दीड महिन्यांची असते. तिची हाडे सच्छिद्र असल्याने मज्जेतील रंग बाहेर झिरपतो आणि मांस शिजले तरी तेथे लाल दिसते.

उलट फसगत अधिक घातक आहे. 1993 साली अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधील ई. कोलाय जिवाणूने शेकडो लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. त्यानंतरच्या संशोधनात दिसले की, काही खिमा सुरक्षित तापमानाआधीच आतून तपकिरी होतो. मांसातील रंगद्रव्याचे आधीच ऑक्सिडीकरण झाले असेल, तर तो रंग लवकर पालटतो. तेव्हा तपकिरी रंगावर विसंबणे हा गुलाबी रंगाला भिण्याहून मोठा धोका होता.

म्हणून अमेरिकी कृषी खाते आज रंगाऐवजी तापमान मोजायला सांगते: कोंबडीसाठी 74 अंश सेल्सियस, गोमांसाच्या वा डुकराच्या खिम्यासाठी 71. डुकराच्या अखंड तुकड्याला 2011पासून 63 अंश आणि तीन मिनिटांची विश्रांती पुरेशी मानली जाते, आणि तो आतून किंचित गुलाबी राहू शकतो. खिम्याला ही सवलत नाही, कारण दळताना बाहेरचे जिवाणू आत मिसळतात.

दिंडोशीच्या तंगडीपाशी तापमापी नसेल, तर तुकडा सर्वांत जाड जागी फोडून पाहावा. तेथील मांस चकचकीत, जेलीसारखे आणि धाग्यांना चिकटलेले असेल, तर परत भाजायला सांगणेच योग्य.