बेसेलची दुरुस्ती

बेसेलची दुरुस्ती म्हणजे नमुन्यावरून प्रमाण विचलन काढताना विचलनांच्या वर्गांच्या बेरजेला निरीक्षणांच्या संख्येने, म्हणजे n ने, न भागता n − 1 ने भागण्याची पद्धत. जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिख बेसेल (१७८४–१८४६) यांच्या नावाने ती ओळखली जाते. सूत्र पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला हे एक वजा करणे मनमानी वाटते. प्रत्यक्षात ती एका निश्चित तुटीची भरपाई आहे.

तूट कोठून येते

हिंगोली जिल्ह्यातील सोयाबीनच्या शेतांचे एकरी उत्पादन एकमेकांपासून किती वेगळे आहे, हे जाणून घ्यायचे आहे असे समजू. सर्व शेतांचे माप घेणे अशक्य असल्याने पीक कापणी प्रयोगाप्रमाणे काही शेते यदृच्छेने निवडली जातात, प्रत्येकातील ठरावीक क्षेत्रातले पीक कापून, मळून त्याचे वजन केले जाते. (भारतात अशा यादृच्छिक निवडीची पद्धत रुजविण्यात १९४० च्या दशकात मराठी संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा होता.) पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.

निवडलेल्या चार शेतांचे उत्पादन एकरी ७, ९, ६ आणि १० क्विंटल आले. त्यांची सरासरी ८. सरासरीपासूनची विचलने −१, १, −२, २ आणि त्यांच्या वर्गांची बेरीज १ + १ + ४ + ४ = १०.

आता संपूर्ण जिल्ह्याची खरी सरासरी ९ आहे असे धरू. ती मोजणाऱ्याला ठाऊक नसते, पण ठाऊक असती तर विचलने −२, ०, −३, १ अशी निघाली असती आणि वर्गांची बेरीज १४ झाली असती. मोजणाऱ्याच्या हाती मात्र १० च आले. हा योगायोग नव्हे. नमुन्याची सरासरी त्याच चार आकड्यांतून निघालेली असते, म्हणून ती त्यांच्या मधोमध बसते. दुसऱ्या कोणत्याही संख्येपासून मोजल्यास वर्गांची बेरीज वाढतेच. खरी सरासरी नेमकी ८ असती तरच दोन्ही बेरजा समान आल्या असत्या. थोडक्यात, मोजपट्टीचे शून्य आकड्यांनीच स्वतःच्या सोयीने ठरविलेले असते आणि त्यामुळे विखुरणे नेहमी कमी दिसते.

नेमके एकच का?

वरील उदाहरणात तूट १४ − १० = ४ आहे. ती नमुन्याची सरासरी खऱ्या सरासरीपासून जितकी ढळली त्याच्या वर्गाची चौपट आहे: ४ × (९ − ८)². हे नाते प्रत्येक नमुन्यास लागू पडते. तूट नेहमी या ढळण्याच्या वर्गाच्या n पट असते.

एका शेताच्या उत्पादनाचे प्रचरण, म्हणजे खऱ्या सरासरीपासूनच्या विचलनांच्या वर्गांची सरासरी, σ² मानू. n शेतांची सरासरी एकट्या शेताहून कमी हेलकावते. तिचे प्रचरण σ²/n असते. म्हणून सरासरी तूट n × σ²/n, म्हणजे बरोबर σ². खऱ्या सरासरीपासून वर्गांची बेरीज सरासरीने nσ² आली असती; तीतून एक σ² गळाल्यावर (n − 1)σ² उरते. त्यास n − 1 ने भागले की σ² मिळते. नमुना लहान असो वा मोठा, गळती एकाच σ² ची असते.

हे छोट्या गणिताने पडताळता येते. समष्टीत ६, ८ आणि १० हे तीनच आकडे आहेत. सरासरी ८ आणि प्रचरण ८/३. उचललेला आकडा परत ठेवून दोन-दोनचे नमुने घेतल्यास नऊ शक्यता होतात. तिघांत दोन्ही आकडे सारखे, म्हणून वर्गांची बेरीज ०. चौघांत ती २ आणि दोघांत ८. एकूण २४. n − 1 = १ ने भागून नऊ नमुन्यांची सरासरी काढली तर २४/९, म्हणजे नेमके ८/३ येते. २ ने भागल्यास ४/३, खऱ्या उत्तराच्या निम्मे.

मर्यादा

खरी सरासरी आधीच ठाऊक असेल आणि विचलने तिच्यापासून घेतली असतील, किंवा सर्व समष्टीच मोजली असेल, तर n नेच भागावे. एकाच वर्गातील सर्व विद्यार्थ्यांच्या गुणांचे केवळ वर्णन करायचे असेल तेव्हा हेच लागू पडते. स्प्रेडशीटमध्ये त्यासाठी `STDEV.P` आणि नमुन्यासाठी `STDEV.S` अशी वेगळी सूत्रे आहेत. चुकीचे निवडल्यास चार निरीक्षणांत उत्तर सुमारे १३ टक्के कमी येते, शंभरांत अर्धा टक्का. निरीक्षण एकच असेल तर n − 1 शून्य होते आणि उत्तर निघत नाही. ते योग्यच आहे, कारण एका शेतावरून शेतांमधील फरक कळत नाही. N ने भागल्यास मात्र फरक शून्य असल्याचे खोटे उत्तर मिळते.

दुरुस्ती प्रचरणाची होते, त्याच्या वर्गमुळाची पूर्णपणे होत नाही. वर्गमूळ घेतल्यावर प्रमाण विचलन सरासरीने किंचित कमीच राहते. घंटाकृती वितरणातील चार निरीक्षणांसाठी ही उणीव सुमारे ८ टक्के असते. तसेच चारही तुकडे एकाच शेतातून घेतले, तर जिल्ह्यातील विखुरणे त्यांत मुळातच उतरलेले नसते आणि n − 1 ने भागूनही ते सापडत नाही.