दुसरा फ्लॅट आणि म्युच्युअल फंड : जळगाव-धुळ्यातील तुलना

राहते घर असताना केवळ भाड्यासाठी आणखी एक फ्लॅट घेणे आणि तीच रक्कम म्युच्युअल फंडात ठेवणे, या दोन पर्यायांचा तौलनिक हिशेब. खानदेशात हा प्रश्न बहुधा निवृत्तीच्या रकमेने, शेत विकून आलेल्या पैशाने किंवा पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या बचतीने उभा राहतो. परंपरेने येथील पैसा सोने, बिगरशेती प्लॉट आणि पतसंस्थेतील ठेव या तीन वाटांनी जात आला. भाड्याचा फ्लॅट त्यामानाने अलीकडचा.

भाडेकरू : जळगावात महाबळ, रामानंदनगर, पिंप्राळा आणि धुळ्यात देवपूर, साक्री रोड येथील फ्लॅटला मागणी असते ती मुख्यतः बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्यांची आणि विद्यार्थ्यांची. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने, जळगावचे 2018 मधले. बदलीची ऑर्डर आली की घर एकदम रिकामे होते. धुळ्यात तर भाडेकरू भाड्याच्या आधी नळाला किती दिवसांआड पाणी येते ते विचारतो, आणि तळघरात पाण्याची मोठी टाकी नसलेल्या इमारतीचे भाडे तेवढ्यानेच खाली येते.

नमुना हिशेब : समजा, 30 लाखांचा तयार फ्लॅट घेतला. महानगरपालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 6 टक्के (खरेदीदार स्त्री असल्यास 1 टक्का सवलत), म्हणजे 1 लाख 80 हजार. नोंदणी फी 30 हजार. पंखे, गिझर, रंग आणि किरकोळ डागडुजी मिळून 90 हजार धरले, तर खिशातून गेले 33 लाख. इमारत बांधकामाधीन असती तर वर जीएसटी लागला असता. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटला तो नाही.

भाडे महिना 8,500 धरू. वर्षात एक महिना घर रिकामे राहिले तर हाती 93,500. त्यातून घरपट्टी 6 हजार, सोसायटीचा मेंटेनन्स 12 हजार आणि दुरुस्ती 7,500 वजा केले की 68 हजार उरतात. 33 लाखांवर हा परतावा जेमतेम 2 टक्के. प्राप्तिकरासाठी भाड्यातून घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर 30 टक्के सरसकट वजावट मिळते; प्रत्यक्ष मेंटेनन्स त्याहून कमी असो वा जास्त, फरक पडत नाही. 20 टक्क्यांच्या टप्प्यातील माणसाला येथे उपकरासह सुमारे 12,700 रुपये कर बसतो आणि शिल्लक 55 हजारांच्या आसपास येते. ‘साडेआठ हजार भाडं येतं’ असे सांगणाऱ्याच्या हातात प्रत्यक्षात महिना साडेचार हजार पडतात.

आता हेच 33 लाख फंडात. दरवर्षी शिलकीच्या 2 टक्के काढून घेतले, म्हणजे फ्लॅटच्या निव्वळ भाड्याइतकेच, आणि फंडाची सरासरी वाढ 10 टक्के राहिली असे मानले, तर 15 वर्षांनी शिल्लक एक कोटीच्या किंचित वर जाते. तेवढ्याला विकला जाण्यासाठी 30 लाखांच्या फ्लॅटचा भाव 15 वर्षे सलग, दरसाल सुमारे साडेआठ टक्क्यांनी चढावा लागतो. फंडाने 8 टक्केच दिले, तर फ्लॅटला साडेसहा टक्के पुरतात. म्हणजे तुलनेचा निकाल भाड्यावर लागत नाही. तो फ्लॅटचा भाव किती चढेल यावर लागतो. विक्रीवरील दीर्घकालीन कर 23 जुलै 2024 पासून दोन्हीकडे साडेबारा टक्के आहे. शेअर फंडात वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त असतो. त्या तारखेआधी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून 20 टक्क्यांचा पर्यायही निवडता येतो.

भाववाढीचा पुरावा : येथे ऐकीव माहितीवर फार भिस्त असते. ‘त्या भागात भाव दुप्पट झाले’ हे वाक्य बहुधा प्लॉटविषयी असते, ते फ्लॅटला लावले जाते. जमीन जुनी होत नाही, इमारत होते. आणि फ्लॅटधारकाच्या वाट्याला जमिनीचा अविभक्त हिस्सा लहान येतो. शिवाय या दोन्ही शहरांना ना समुद्र अडवतो ना डोंगर. महामार्गालगत नवे लेआउट पडत राहतात आणि नवी इमारत त्याच भावात लिफ्ट देते, तेव्हा पंधरा वर्षांच्या जुन्या फ्लॅटची किंमत दबते.

खात्री करण्याची एक वाट सरकारी आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून खरेदीखताची सूची क्रमांक 2 पाहता येते. त्याच इमारतीतील दहा वर्षांपूर्वीचा एक आणि अलीकडचा एक व्यवहार काढून दोन रकमांमधली वार्षिक वाढ मोजावी. नोंदवलेली रक्कम आणि दिलेली रक्कम नेहमी एकच असते असे नाही. तरीही दलालाच्या तोंडी आकड्यापेक्षा हा कागद बरा.

भाडेकरार : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, हा समज दोन्ही शहरांत पक्का आहे आणि चुकीचा आहे. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट भाडे मागता येते, आणि ताब्यासाठी दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते. त्यासाठी नोंदणीकृत करार हाच मुख्य आधार. मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, इतका किरकोळ. तो वाचवणारे घरमालक हिशेबी म्हणावेत की नाही, हा प्रश्नच आहे.

फंडांविषयीची धास्ती : भाईचंद हिराचंद रायसोनी ही जळगावची मल्टिस्टेट पतसंस्था बुडाली आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले, 2015 मध्ये तिच्यावर अवसायक आला. त्यानंतर कागदावरचा पैसा नकोच, वीट दिसली पाहिजे, ही भावना घट्ट झाली असे मानले जाते. मात्र पतसंस्थेतील ठेव आणि फंड यांची घडण वेगळी आहे. सेबीच्या नियमांनुसार फंडातील रोखे कंपनीच्या मालकीचे नसतात. ते विश्वस्त व्यवस्थेखाली स्वतंत्र अभिरक्षकाकडे राहतात. कंपनी बुडाली तरी रोखे उरतात.

भाव पडण्याचा धोका मात्र खरा आहे. निफ्टी निर्देशांक 14 जानेवारी 2020 ला 12,362 वर बंद झाला होता, 23 मार्चला 7,610 वर. वरच्या उदाहरणातील 33 लाख तेव्हा काही आठवड्यांत वीस लाखांच्या आसपास दिसले असते. रोखे फंडही अगदी बिनघोर नाहीत : फ्रँकलिन टेम्पलटनने 23 एप्रिल 2020 रोजी सहा योजना बंद केल्या आणि पैसे पुढे हप्त्याहप्त्याने परत आले. फ्लॅटचा भाव रोज छापला जात नाही, म्हणून तो पडलेला दिसत नाही; विकायला काढल्यावर सहा महिने गिऱ्हाईक येत नाही, तेव्हा कळतो.

कर्ज काढून घेतल्यास : 20 लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाला साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे 17,350 रुपये, भाडे त्याच्या निम्मे.

फ्लॅटला झुकते माप : मुले परत येण्याची शक्यता, वृद्ध आईवडिलांना जवळ ठेवण्याची सोय, किंवा बाजार पडताच घाबरून फंड विकणारा स्वभाव असल्यास वरचा हिशेब बदलतो. बाजार पडला म्हणून फ्लॅट त्याच दुपारी विकता येत नाही, आणि काही घरांत हाच त्याचा सर्वांत मोठा गुण ठरला आहे.