यंत्रसाहाय्यित मसुदा आणि प्रकटन

यंत्रसाहाय्यित मसुदा म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संगणकप्रणालीकडून तयार करून घेतलेला व पुढे माणसाने दुरुस्त केलेला किंवा नव्याने लिहिलेला कच्चा मजकूर होय. असा मजकूर वापरल्याचे लेखकाने संपादकास किंवा प्रकाशकास कळविणे, यास प्रकटन म्हणतात. मसुदा यंत्राचा, पण छापलेले प्रत्येक वाक्य लेखकाचे, अशा वेळी काय कळवावे हा या विषयातील अवघड प्रश्न आहे.

प्रकाशक व वृत्तसंस्थांची भूमिका

अमेझॉनच्या किंडल स्वयंप्रकाशन सेवेने सप्टेंबर २०२३ मध्ये यासंबंधी नियम लागू केला. या सेवेवर मराठी पुस्तकेही प्रकाशित होतात. लेखकाने स्वतः लिहिलेला मजकूर यंत्राकडून केवळ तपासून किंवा सुधारून घेतला असल्यास तो कळविण्याची गरज नाही. मूळ मजकूरच यंत्राने लिहिला असेल, तर नंतर त्यात मोठे फेरफार केले असले तरी ते कळवावे लागते. म्हणजे येथे शेवटी किती शब्द बदलले यापेक्षा आरंभ कोणी केला याला महत्त्व आहे. नियम आला तेव्हा ही नोंद प्रकाशकापुरतीच होती, वाचकांना ती दाखविली जात नव्हती.

असोशिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ऑगस्ट २०२३ मध्ये वेगळ्या बाजूने विचार केला. यंत्राकडून आलेला मजकूर हा न पडताळलेल्या माहितीसारखा समजावा, असे तिने आपल्या पत्रकारांस सांगितले. एखाद्या अनोळखी माणसाने दूरध्वनीवरून दिलेल्या बातमीला वार्ताकक्षात जी वागणूक मिळते, तीच या मजकुरालाही मिळावी, असा याचा अर्थ.

केवळ संपादकाची नजर पुरत नाही, हे सीनेट या अमेरिकी संकेतस्थळाच्या अनुभवावरून दिसले. तेथे यंत्राच्या मदतीने लिहिलेले ७७ आर्थिक लेख प्रसिद्ध झाले होते. जानेवारी २०२३ मध्ये हे उघड झाल्यावर फेरतपासणी झाली आणि त्यांतील ४१ लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. एका लेखात १०,००० डॉलरवर ३ टक्के दराने पहिल्या वर्षी १०,३०० डॉलर व्याज मिळेल असे म्हटले होते. वास्तविक व्याज ३०० डॉलर होते, १०,३०० ही मुद्दलासह रक्कम. शाळेतील मुलालाही सापडावी अशी ही चूक सफाईदार वाक्यांमुळे निसटली.

पुनर्लेखनाने काय बदलते

भंडारा जिल्ह्यातील आसगावच्या एका लेखकाने दिवाळी अंकासाठी जवळच्या पवनी येथील प्राचीन स्तूपांवर लेख लिहिला, असे कल्पित उदाहरण घेऊ. मसुदा यंत्राने दिला. त्यात पवनीचे उत्खनन १९५९ साली झाले असे वाक्य होते. लेखकाने भाषा पूर्णपणे बदलली, झाडीपट्टीतील शब्द आणले, जगन्नाथ टेकडीचे वर्णन स्वतःच्या पाहणीतून घातले. यंत्राचे एकही वाक्य उरले नाही, पण १९५९ हे वर्ष उरले. प्रत्यक्षात ते उत्खनन नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९–७० मध्ये केले.

पुनर्लेखनाने येथे चूक अधिक लपली आहे. इतक्या आपलेपणाने टेकडीचे वर्णन करणाऱ्या लेखकाने वर्षही तपासले असणार, असे संपादक साहजिकच धरून चालतो. भाषा बदलली तरी माहितीची निवड, तिचा क्रम आणि आकडे मसुद्यातून पुढे येत राहतात. दिवाळी अंकांच्या आवाहनांत साहित्य अप्रकाशित असावे, ही अट नेहमीची असते. हा लेख ती सहज पूर्ण करतो आणि तरीही संपादक अंधारात राहतो.

म्हणून अशा लेखकाने केवळ ‘यंत्राची मदत घेतली’ एवढे लिहिणे अपुरे ठरते. ‘पहिला मसुदा यंत्राचा, भाषा सर्वस्वी माझी, उत्खननाचे वर्ष व संस्था उत्खननाच्या अहवालावरून ताडल्या, स्तूपांच्या मोजमापांचा परिच्छेद मसुद्यातील असून पडताळलेला नाही’, अशी टीप संपादकाच्या कामाची आहे. कोणत्या परिच्छेदावर वेळ खर्च करायचा, हे तिच्यावरून त्याला समजते. शुद्धलेखन तपासणीसारखी मदत सांगण्याची आवश्यकता सहसा मानली जात नाही.

ओळख आणि कायदा

मजकूर यंत्राचा आहे हे ओळखणारी साधने भरवशाची नाहीत. ओपनएआय या कंपनीने स्वतःचे असे साधन अचूकता कमी असल्याच्या कारणाने जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. इंग्रजीखेरीज अन्य भाषांत ते बरेच कमी पडते, असेही तिने आधीच सांगितले होते. पुन्हा लिहिलेल्या मराठी मजकुराबाबत तर संपादकास लेखकाच्या शब्दावरच विसंबावे लागते.

भारताच्या कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने संगणकनिर्मित साहित्यकृतीचा लेखक कोण, हे सांगितले आहे: ती कृती ज्या व्यक्तीने निर्माण करवली ती. ही व्याख्या लेखकत्वापुरती आहे. संपादकास काय कळवावे याविषयी तिच्यात काही नाही. तो भाग प्रकाशकाशी झालेल्या करारावर आणि अंकाच्या नियमांवर सोडलेला आहे.